सोड्याच्या गोळीचा हिशेब

किडनीच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला आपला क्रिएटिनिनचा आकडा तोंडपाठ असतो. पोटॅशियम वाढलं की घरातली नारळपाणी आणि केळी बंद होतात, हिमोग्लोबिन उतरलं की इंजेक्शनची चौकशी सुरू होते. बायकार्बोनेट किती आहे, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण रिपोर्ट चाळायला लागतात, आणि पुष्कळदा तो आकडा तिथे सापडतच नाही. अनेक लॅबच्या ‘किडनी प्रोफाइल’मध्ये युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम असतं, पण बायकार्बोनेट वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. किडनीचं काम चौथ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे ईजीएफआर तीसच्या खाली घसरल्यावर, हा आकडा खाली जाणं फार सामान्य आहे. तो खाली गेला की डॉक्टर जे औषध लिहून देतात, ते रसायन म्हणून आपल्या स्वयंपाकघरात डबीत असतंच: सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा.

स्वस्त आणि ओळखीची वस्तू असल्यामुळे या गोळीबद्दल दोन टोकाच्या समजुती दिसतात. सोड्याने किडनी बरी होते असा मेसेज पाठवणारे एका बाजूला, आणि सोड्यात सोडियम असतं म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली गोळीही न घेणारे दुसऱ्या बाजूला. खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत तज्ज्ञांचं मतही बदललं आहे.

आधी हे आम्ल येतं कुठून ते पाहू. आपण जे प्रथिन खातो, मग ते मटण असो, मासे असोत, अंडं असो की डाळ, त्यातल्या काही अमिनो आम्लांमध्ये गंधक असतं. शरीरात त्यांचं विघटन झालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात रोज साधारण साठ मिलीमोल असं आम्ल जमा होतं. हे आम्ल कर्बवायूसारखं श्वासावाटे जात नाही, ते लघवीतूनच बाहेर पडावं लागतं. तोपर्यंत रक्तातलं बायकार्बोनेट ते झेलून धरतं आणि त्यात स्वतः खर्च होतं. निरोगी किडनी दोन कामं करते: गाळून आलेलं बायकार्बोनेट परत रक्तात ओढून घेते, आणि अमोनिया तयार करून त्याच्यासोबत आम्ल बाहेर टाकते. हे दुसरं काम करताना जेवढं आम्ल बाहेर जातं, तेवढं नवं बायकार्बोनेट रक्ताला मिळतं. खर्च आणि भरपाई रोजच्या रोज जुळते.

किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, कमी झाले की उरलेल्यांवर सगळा भार येतो. प्रत्येक उरलेला नेफ्रॉन पूर्वीपेक्षा जास्त अमोनिया तयार करू लागतो. काही काळ त्यावर भागतं. पण नेफ्रॉनच्या आसपास साठलेला हा अमोनिया शरीराच्या संरक्षक यंत्रणेतली काही प्रथिनं जागी करतो, तिथे दाह होतो आणि हळूहळू व्रण धरतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून १९८०च्या दशकातच दिसलं होतं. आम्ल काढण्याची धडपडच उरलेल्या किडनीला झिजवते, हा यातला कळीचा मुद्दा आहे. बाहेरून बायकार्बोनेट दिलं तर ही धडपड कमी होईल आणि किडनी जास्त टिकेल, या आशेची सुरुवात तिथून झाली.

दुसरी किंमत हाडं मोजतात. रक्तात आम्ल उरू लागलं की हाडांतले क्षार विरघळून ते शोषून घेतात, आणि त्याबरोबर कॅल्शियम निघून जातं. म्हणूनच एखाद्या रुग्णाचं बायकार्बोनेट महिनोन्‌महिने एकोणीसवर स्थिर दिसतं. ‘आकडा तिथेच आहे, म्हणजे ठीक आहे’ असं वाटतं. प्रत्यक्षात रोज थोडं आम्ल शरीरात मागे राहतच असतं, फक्त ते रक्ताऐवजी हाडांच्या खात्यात जमा होतं. स्नायूंचंही तसंच. आम्लता वाढली की स्नायूंमधलं प्रथिन मोडण्याचा वेग वाढतो. मांड्या बारीक होणं, जिना चढताना पायांत त्राण नसणं, याची इतरही कारणं या आजारात असतात, पण आम्लता हे त्यातलं एक. बायकार्बोनेट फारच खाली गेलं, तर शरीर श्वास खोल आणि जलद करून कर्बवायू बाहेर टाकू लागतं. रुग्णाला दम लागल्यासारखं वाटतं आणि घरच्यांना वाटतं हृदयाचं काही आहे. मधल्या टप्प्यात मात्र बहुतेकांना काहीही जाणवत नाही. म्हणून आकडा पाहावा लागतो.

रक्तातल्या बायकार्बोनेटची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे बावीस ते एकोणतीस मिलीमोलच्या आसपास धरतात, लॅबनुसार थोडा फरक असतो. बावीसच्या खाली गेलं की आकडा कमी, हा साधा नियम. पण आकडा वाचण्याआधी तो खरा आहे का, हे पाहायला हवं. रक्ताच्या नमुन्यातला कर्बवायू हवेत निसटतो. नळीचं झाकण उघडं राहिलं, किंवा गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त तालुक्याच्या लॅबमध्ये संध्याकाळी तपासलं गेलं, तर रुग्णात काहीही न बिघडता आकडा दोन-तीनने खाली येऊ शकतो. अशा एका कमी आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये. चांगला डॉक्टर नमुना पुन्हा मागवतो, आणि शक्य तर त्याच लॅबमध्ये, ताज्या रक्तावर.

आकडा खरोखर कमी आहे असं ठरलं तरी त्याचं कारण किडनीच असेल असं नाही. जुलाबांतून बायकार्बोनेट थेट वाहून जातं. मधुमेह हाताबाहेर गेला असेल तर कीटोन नावाची आम्लं साठतात. किडनीचं काम फार कमी असताना मेटफॉर्मिनची गोळी चालूच राहिली, तर लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. मधुमेहाच्या आणि किडनीच्या संरक्षणासाठी हल्ली दिल्या जाणाऱ्या, लघवीतून साखर काढणाऱ्या औषधांमुळे क्वचित साखर फारशी न वाढताही कीटोन वाढतात. काही वेळा तर उलटा प्रकार असतो: यकृताचा आजार किंवा जंतुसंसर्ग यामुळे माणूस जोरात श्वास घेत असतो आणि त्याची भरपाई म्हणून बायकार्बोनेट उतरलेलं असतं. रक्त तिथे आम्लाकडे झुकलेलंच नसतं, आणि सोडा दिला तर बिघाड वाढतो. शंका आली की रक्तातल्या वायूंची तपासणी करतात, ज्याला दवाखान्यात सगळे ‘एबीजी’ म्हणतात. आकडा काही दिवसांतच एकदम कोसळला असेल, तर ते किडनीच्या संथ घसरणीचं लक्षण नव्हे, दुसरं काहीतरी शोधायलाच हवं.

आता गोळीचा फायदा किती, याकडे वळू. सोड्याच्या गोळीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली ती २००९ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने. रॉयल लंडन हॉस्पिटलमध्ये १३४ रुग्ण निवडले होते. त्यांची किडनी पंधरा ते तीस टक्क्यांच्या आसपास काम करत होती आणि बायकार्बोनेट सोळा ते वीसच्या दरम्यान होतं. निम्म्यांना सहाशे मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा सुरू केली आणि आकडा तेवीसच्या पुढे राहील असा डोस वाढवत नेला. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी डायलिसिसची वेळ येईल अशी अवस्था गोळी घेणाऱ्यांपैकी साडेसहा टक्क्यांत आली होती, न घेणाऱ्यांपैकी तेहतीस टक्क्यांत. काही रुपयांच्या गोळीने एवढा फरक पडतो, म्हटल्यावर ती जगभर लिहून दिली जाऊ लागली. पुढे इटलीत सातशेहून अधिक रुग्णांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच आशादायक निघाला. तिथे आकडा चोवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान ठेवायचा होता, आणि गोळी घेणाऱ्यांमध्ये डायलिसिसची गरज आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले.

या दोन्ही अभ्यासांत एक उणीव समान होती. कोणाला गोळी आहे आणि कोणाला नाही, हे रुग्णालाही माहीत होतं आणि डॉक्टरलाही. ज्याला गोळी चालू आहे तो नेमाने तपासणीला येतो, डॉक्टरही त्याच्याकडे बारकाईने बघतो, डायलिसिस सुरू करण्याचा निर्णय थोडा पुढे ढकलला जातो, अशा अनेक गोष्टी नकळत घडू शकतात. २०२० साली ब्रिटनमध्ये ‘बायकार्ब’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या पुढचे तीनशे रुग्ण होते, बहुतेक सत्तरी ओलांडलेले, आणि निम्म्यांना खरी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी दिली होती. वर्षभरानंतर चालण्याची, खुर्चीतून उठण्याची, तोल सांभाळण्याची क्षमता मोजली. गोळी घेणाऱ्यांमध्ये काहीही सुधारणा नव्हती, किडनीही जास्त टिकली नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी मात्र खऱ्या गोळीच्या गटात जास्त होत्या. यातही एक गोम आहे. डोस बेताचा होता आणि दोन गटांच्या बायकार्बोनेटमधला फरक सरासरी जेमतेम एकाचा पडला. एवढ्याशा फरकातून मोठा परिणाम दिसेल कसा, हा प्रश्न रास्त आहे. पण वयस्क, अशक्त रुग्णाला रोज सहा गोळ्या गिळायला लावण्याआधी डॉक्टरने या अभ्यासाची आठवण ठेवलीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

सोडियमचा प्रश्नच नको, म्हणून पोटातलंच आम्ल चिकटवून शौचावाटे बाहेर नेणारं व्हेव्हेरिमर नावाचं औषध तयार झालं होतं. त्याची जवळपास दीड हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली. किडनीची घसरण तिथेही मंदावली नाही.

या सगळ्याचा परिणाम मार्गदर्शक सूचनांवर झाला. किडनीविषयक जागतिक मार्गदर्शन तयार करणारी ‘केडिगो’ ही संस्था २०१२ साली सांगत होती, की बायकार्बोनेट बावीसच्या खाली गेलं तर तोंडाने बायकार्बोनेट देऊन ते सामान्य मर्यादेत ठेवावं. २०२४च्या सूचनांत भाषा सौम्य झाली. आकडा अठराच्या खाली जाण्यासारखी, प्रत्यक्ष त्रास देऊ शकेल अशी आम्लता होऊ नये म्हणून औषधाचा विचार करावा, आहाराची जोड द्यावी किंवा न द्यावी, असं तिथे म्हटलं आहे. सोबत एक स्पष्ट अट आहे: उपचारामुळे आकडा सामान्य मर्यादेच्या वर जाऊ नये, आणि रक्तदाब, पोटॅशियम आणि शरीरातलं पाणी यांच्यावर वाईट परिणाम होऊ नये. म्हणजे अठराच्या खाली उपचार हवाच, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. अठरा ते बावीस हा मधला पट्टा आहे, आणि तिथे रुग्ण पाहूनच ठरवायचं. हाडं ठिसूळ झालेली, पोटॅशियम वारंवार चढणारं, रक्तदाब काबूत असलेला पन्नाशीचा रुग्ण असेल तर मी गोळीच्या बाजूने झुकेन. पाय सुजलेले, हृदय कमजोर, ऐंशीला टेकलेला रुग्ण असेल, तर वीसचा आकडा तसाच राहू देणं जास्त शहाणपणाचं.

वरच्या टोकाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘जास्त म्हणजे चांगलं’ असं इथे नाही. अमेरिकेत हजारो किडनीरुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात ज्यांचं बायकार्बोनेट सतत सव्वीसच्या वर होतं त्यांच्यात हृदय निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यातल्या अनेकांचा आकडा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे चढलेला असेल, त्यामुळे दोष बायकार्बोनेटचाच आहे असं म्हणता येत नाही. तरीही गोळी घेऊन आकडा मुद्दाम सव्वीसच्या वर न्यायचं कारणच नाही. फार वर गेला तर पोटॅशियम उतरतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होऊन ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, पेटके येतात. गोळी चालू असताना बावीस ते चोवीस-पंचवीस, हा व्यवहारातला पट्टा धरला तर चुकत नाही.

आता सोडियम. एक ग्रॅम सोडियम बायकार्बोनेटमध्ये साधारण २७४ मिलिग्रॅम सोडियम असतं. आपल्याकडे सोडामिंट म्हणून किंवा कंपन्यांच्या नावांनी मिळणारी गोळी बहुतेक पाचशे मिलिग्रॅमची असते, तिच्यात १३७ मिलिग्रॅम सोडियम आणि सहा मिलीमोल बायकार्बोनेट. एक गोळी सहा मिलीमोल आम्ल झेलते, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा हिशेब जमतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बासष्ट वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, वजन साठ किलो, पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या दोन गोळ्या. ईजीएफआर बावीस, पोटॅशियम ५.४, बायकार्बोनेट सतरा. पुन्हा तपासलं तरी सतराच. जुलाब नाहीत, कीटोन नाहीत, मेटफॉर्मिन आधीच बंद केलेलं आहे. बावीसपर्यंत जायचं तर पाचाची तूट आहे. डॉक्टर वजनाचा निम्मा आकडा या तुटीने गुणतात: तीस गुणिले पाच, म्हणजे सुमारे दीडशे मिलीमोल. गोळ्यांत मोजलं तर पंचवीस गोळ्या होतात. ही तूट एका दिवसात भरायची नसते, आणि तशी ती भरतही नाही, कारण रोज नवं आम्ल तयार होतच असतं. म्हणून सकाळ, दुपार, रात्र एकेक गोळी अशी सुरुवात होते. रोज अठरा मिलीमोल बायकार्बोनेट, आणि त्यासोबत सुमारे चारशे दहा मिलिग्रॅम सोडियम, जे एक ग्रॅम मिठात असतं तेवढंच.

चार आठवड्यांनी आकडा एकोणीस येतो. डोस दुप्पट होतो, तीन वेळा दोन-दोन गोळ्या. आता रोज छत्तीस मिलीमोल, आणि सोडियम आठशे वीस मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमहून थोडं जास्त मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे त्यातला चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा गोळीने एकटीनेच उचलला. महिन्याभराने आकडा बावीस येतो, पोटॅशियम ४.९वर उतरतं आणि त्यामुळे किडनी वाचवणारी रक्तदाबाची गोळी बंद करण्याची पाळी टळते. हा फायदा मला खरा वाटतो आणि त्याची चर्चा कमी होते. पण त्याच वेळी वजन दोन किलोंनी वाढलेलं असतं, संध्याकाळी मोज्यांचा वण पायावर राहतो, आणि वरचा रक्तदाब १३६वरून १४८वर गेलेला असतो.

इथे गोळी लगेच बंद करण्याआधी ताटाकडे पाहायला हवं. १९७५ साली एका छोट्या प्रयोगात किडनीच्या गंभीर आजाराच्या रुग्णांना मीठ कमी असलेला आहार देऊन, वरून तेवढंच सोडियम एकदा मिठाच्या आणि एकदा बायकार्बोनेटच्या रूपात दिलं गेलं. मिठाने वजन आणि रक्तदाब वाढला, बायकार्बोनेटने रक्तदाब तसा वाढला नाही. शरीरात पाणी धरून ठेवायला सोडियमला क्लोराईडची साथ लागते, असा त्याचा अर्थ लावतात. पण त्या रुग्णांच्या आहारात मीठ मुळातच कमी होतं, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे जेवणात लोणचं, पापड, ताटात वाढलेलं मीठ, संध्याकाळी फरसाण असेल तर क्लोराईड आयतंच मिळतं, आणि मग गोळीतलं सोडियमही मिठासारखंच वागतं. म्हणून सोड्याची गोळी सुरू करताना रुग्णाच्या घरच्यांना मीठ मोजायला सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. चौघांच्या स्वयंपाकाला महिन्याला किती पिशव्या मीठ लागतं, हा प्रश्न विचारला की खरं चित्र कळतं. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांचं लोणचं आणि फरसाण बंद झालं, लघवी वाढवणारी गोळी थोडी वाढवली, तर बहुधा दोन आठवड्यांत सूज उतरते आणि सहा गोळ्या चालू ठेवता येतात. नाही उतरली, तर डोस कमी करायचा आणि वीस-एकवीसच्या आकड्यावर समाधान मानायचं.

मीठ कमी करताना एक गफलत नेहमी होते. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, आणि किडनीच्या रुग्णात पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते मीठ या घरात नकोच. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असतं, त्यामुळे ते खाऊन सोडियम वाचत नाही.

मग गोळीऐवजी डबीतला सोडाच का घेऊ नये? रसायन एकच आहे, पण माप हातात राहत नाही. चहाचा एक सपाट चमचा सोडा साधारण साडेचार-पाच ग्रॅमचा भरतो. म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या नऊ-दहा गोळ्या, आणि सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम, एकाच घोटात. चमचा शिगोशिग भरला तर किती, याला धरबंध नाही. शिवाय पोटातल्या आम्लाशी सोडा भिडला की कर्बवायू तयार होतो. गोळीने ढेकर येतात आणि पोट फुगतं, पण तुडुंब जेवणानंतर चमचाभर सोडा पोटात गेल्यावर जठर फुटल्याच्या दुर्मिळ घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्ल आणि पीठही मिसळलेलं असतं. पापडखार ही आणखी वेगळी आणि जास्त तीव्र अल्कली आहे. अॅसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पुडी घेणाऱ्यांनी तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तिच्यातही भरपूर सोडियम असतं आणि ते कोणीच हिशेबात धरत नाही.

गोळी दिवसभरात विभागून घेतली की गॅस कमी होतो. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवावं. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविकं आणि बुरशीवरची काही औषधंही तिच्यासोबत नीट काम करत नाहीत. म्हणून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलं तरी ‘सोड्याच्या गोळ्या चालू आहेत’ हे सांगायला विसरू नये.

आहाराने आम्लता कमी होते का? होते, आणि हे टेक्ससमधल्या डॉक्टरांनी व्यवस्थित दाखवलं आहे. चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी काहींना त्यांनी वर्षभर सोड्याच्या गोळ्या दिल्या आणि काहींना घरच्यांसह पुरतील एवढी फळं आणि भाज्या. फळं-भाज्यांतले क्षार शरीरात बायकार्बोनेटमध्ये बदलतात. दोन्ही गटांत आम्लता सुधारली आणि फळं-भाज्यांच्या गटात वजन आणि रक्तदाबही उतरला, सोडियमचा भार न घेता. पण त्या अभ्यासात पोटॅशियम वाढण्याचा धोका कमी असलेलेच रुग्ण निवडले होते. आपल्या उदाहरणातल्या ५.४ पोटॅशियमच्या गृहस्थांना हा मार्ग तसाच्या तसा चालणार नाही. त्यांना करता येण्यासारखं आहे ते प्रथिनाचं प्रमाण. मटण, चिकन, सुकी मासळी वारंवार आणि भरपूर असेल, तर ती कमी केली की आम्ल मुळातच कमी तयार होतं आणि एक-दोन गोळ्या वाचू शकतात. किती कमी करायचं हे आहारतज्ज्ञाने वजन पाहून ठरवावं. प्रथिन एकदम तोडलेल्या रुग्णाचे स्नायू आणखी वेगाने झिजतात.

गोळी सुरू झाल्यावर घरी करायचं काम एकच आहे, पण ते रोजचं आहे: सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहिणं. तीन-चार दिवसांत दीड-दोन किलो वाढले, रात्री उशीवर उशी घेऊन झोपावं लागलं, पाय दाबल्यावर खळगा पडला, की पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं. रक्ताची तपासणी डोस बदलल्यावर साधारण महिन्याने आणि आकडा स्थिरावल्यावर तीनेक महिन्यांनी, पोटॅशियमसह.

मधेच आजारपण आलं तर हा हिशेब उलटतो. जुलाब लागले की बायकार्बोनेट झपाट्याने खाली जातं, आणि नेमक्या त्याच दिवशी ‘पोट बिघडलंय’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. उलट्या होत असतील तर पोटातलं आम्ल बाहेर जातं, आकडा आपोआप वर चढतो, आणि गोळ्या चालूच ठेवल्या तर तो तिशीपर्यंत पोहोचू शकतो. दोन्ही वेळी अंदाजाने काही करण्यापेक्षा रक्त तपासून डोस ठरवून घ्यावा. डायलिसिस सुरू झालं की यंत्रातल्या द्रावातूनच बायकार्बोनेट रक्ताला मिळतं, त्यामुळे बहुतेकांच्या गोळ्या तेव्हा थांबतात. तरीही डायलिसिसच्या आधीच्या रक्तात हा आकडा पाहत राहावं लागतं, आणि जुन्या चिठ्ठीवर सोड्याची गोळी तशीच छापून येत असेल तर डॉक्टरांना विचारून ती काढून टाकावी.